भिंतीवरचा रक्तगट : किडनीच्या कायदेशीर बाजाराचा मागोवा

तेहरानमध्ये एका मोठ्या रुग्णालयासमोर फरहांग होसेनी नावाची गल्ली आहे. तिथल्या भिंतींवर, विजेच्या पेट्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर मार्करने ओळी लिहिलेल्या असतात किंवा कागदाचे चिटोरे डकवलेले असतात. किडनी विकणे आहे, वय अमुक, रक्तगट अमुक, खाली मोबाइल नंबर. एखाद्याने पुढे ‘फोरी’ असं जोडलेलं असतं. फोरी म्हणजे तातडीने. आपल्याकडे रिकाम्या खोलीची किंवा जुन्या स्कूटरची जाहिरात खांबावर लावतात, तशीच ही.

ही भिंत पाहून पाहुण्याला वाटतं, हा चोरटा धंदा असणार. पण इराणमध्ये किडनी विकणं गुन्हा नाही. त्यासाठी एक संस्था आहे, तिचं कार्यालय आहे, फॉर्म आहे, तपासण्या आहेत, ठरलेली रक्कम आहे. पैसे देऊन किडनी घ्यायची उघड, सरकारमान्य व्यवस्था अनेक वर्षं चालवणारा जगातला हा एकच देश. मग ज्याला किडनी विकायची आहे त्याने सरळ कार्यालयात जाऊन नाव नोंदवावं. भिंतीवर नंबर कशाला लिहायचा? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, तर हा बाजार कुठून आला हे मागे जाऊन पाहावं लागतं.

सुरुवातीला बाजार शक्यच नव्हता. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दुसऱ्या कुणाची किडनी बसवली असती, तर शरीराने ती परकी म्हणून नाकारली असती. त्यामुळे तेव्हा किडनीला मोल होतं ते फक्त जुळ्या भावासाठी, आणि एकाच गिऱ्हाइकाच्या जोरावर बाजार भरत नाही. पुढे साठच्या दशकात नकार दाबणारी औषधं आली, तरी नात्याबाहेरच्या जिवंत माणसाची किडनी म्हणजे जुगारच होता. तो जुगार थांबवला सायक्लोस्पोरिनने. 1983 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि रक्तगट जुळणाऱ्या अनोळखी माणसाची किडनीही बऱ्यापैकी टिकू लागली. गरजू रुग्ण आणि गरजू विकणारा यांच्यात आता फक्त पैशाचं अंतर उरलं.

दलाल यायला वर्षही लागलं नाही. त्याच 1983 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, वैद्यकीय परवाना गमावलेल्या बॅरी जेकब्स नावाच्या डॉक्टरने किडनी विनिमयाची कंपनी काढायचं ठरवलं. त्याची योजना सरळ होती. गरीब देशांतून माणसं आणायची, ती स्वतःच्या किडनीचं काय मागतात ते विचारायचं, त्यावर आपली दलाली चढवायची आणि पैसे असलेल्या रुग्णाला किडनी द्यायची. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याने हे लपवाछपवी न करता सांगितलं. समितीत अल गोर होते. सगळे हादरले, आणि 1984 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मोबदला घेऊन अवयव देण्या-घेण्यावर बंदी आली. पाच वर्षांची कैद किंवा 50 हजार डॉलर दंड, किंवा दोन्ही. ब्रिटनमध्ये असाच कायदा 1989 मध्ये झाला. तिथे तुर्कस्तानातले गरीब लोक लंडनला येऊन किडनी विकून गेल्याचं उघड झालं होतं.

बहुतेक इतिहास इथून थेट इराणला उडी मारतात. मधलं एक ठाणं मात्र आपल्या दारातलं आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई आणि मद्रास ही किडनीची मोठी बाजारपेठ होती, आणि तो बाजार बेकायदा नव्हता. त्याला परवानगी देणारा कायदा नव्हता, तसा मनाई करणाराही नव्हता. आखातातले रुग्ण मुंबईत येत, किडनी विकत घेत आणि टाके सुकले की परत जात. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधल्या अशा 130 रुग्णांचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. वर्षभरात जवळजवळ पाचांतला एक रुग्ण दगावला होता. काहींच्या शरीरात विकत घेतलेल्या किडनीबरोबर एचआयव्ही आणि काविळीचे विषाणूही आले होते. बाजाराने गिऱ्हाइकाचंही भलं केलं नव्हतं. विकणाऱ्याला आपला आजार लपवायचा होता, दलालाला तपासणीत वेळ घालवायचा नव्हता, आणि मधल्या डॉक्टरला दोघांपैकी कुणालाच नाराज करायचं नव्हतं.

त्याच सुमारास मद्रासमध्ये के. सी. रेड्डी हे शल्यविशारद या व्यवहाराचं उघड समर्थन करत होते. त्यांचा मुद्दा हा की नात्यात दाता नाही, मेंदूमृत माणसाची किडनी घ्यायला कायदा नाही, डायलिसिस परवडत नाही. मग रुग्णाने मरायचं का? विकणाऱ्याला नीट तपासा, ठरलेले पैसे त्याच्या हातात द्या, शस्त्रक्रियेनंतर त्याची काळजी घ्या. दोघांचाही फायदा आहे. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण आजही कायदेशीर बाजाराच्या बाजूने जे कुणी लिहितात त्यांचा सगळा युक्तिवाद या चार वाक्यांत येऊन जातो.

1994 मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यावर केंद्राने कायदा करावा असा ठराव आधी काही राज्यांच्या विधिमंडळांनी करावा लागतो. तो करणारी राज्यं तीन होती : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. कायद्याच्या प्रस्तावनेत ती नावं छापलेली आहेत. मुंबईच्या बाजाराला आळा घालण्याची हाक मुंबईतूनच गेली, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. या कायद्याने अवयवाची विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूमृत्यूला मान्यता दिली. नात्याबाहेरच्या माणसाला किडनी द्यायचीच असेल, तर प्राधिकार समितीपुढे जाऊन स्नेह किंवा आपुलकीमुळे देतो आहोत हे पटवून द्यायचं, अशी एक फटही त्याने ठेवली. पुढच्या तीस वर्षांतली जवळजवळ सगळी किडनी रॅकेटं या फटीतून किंवा खोट्या नात्यांच्या कागदपत्रांतून आत आली. पकडली गेली की आठवडाभर बातम्या येतात.

इराण मात्र उलट्या वाटेने गेला, आणि ती वाट युद्धाने आखली. 1979 मध्ये क्रांती झाली, 1980 मध्ये इराकशी युद्ध सुरू झालं. डायलिसिसची यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग मिळेनात. 1980 ते 1985 या काळात 400 हून अधिक रुग्णांना सरकारी खर्चाने, बहुतेकांना ब्रिटनमध्ये, किडनी देणाऱ्या नातेवाइकासकट पाठवण्यात आलं. हा खर्च परदेशी चलनात, तोही युद्धकाळात. मेंदूमृत दात्याची किडनी घ्यायला कायदेशीर मान्यता नव्हती. ती आली 2000 मध्ये. म्हणून 1988 मध्ये सरकारने ठरवलं, की नात्यातला दाता नसेल तर नात्याबाहेरच्या जिवंत दात्याला मोबदला द्यायचा, पण व्यवहार आपल्या देखरेखीखाली ठेवायचा.

ही व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिचा आराखडा करणाऱ्यांनी मुंबई-मद्रासच्या बाजारातला प्रत्येक दोष डोळ्यांपुढे ठेवलेला दिसतो. रुग्णाला आधी नात्यातला दाता शोधायला सांगतात. नसेल, तर पुढे मेंदूमृत दात्याची काही महिने वाट पाहायला सांगतात. तीही फळली नाही की डायलिसिस आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांनीच चालवलेल्या संस्थेकडे पाठवतात. विकणाराही त्याच संस्थेत येतो. तिथे काम करणारे बहुतेक स्वतः रुग्ण असतात आणि जोडी जुळवण्याचे पैसे घेत नाहीत, म्हणजे दलाल बाद. शस्त्रक्रिया फक्त विद्यापीठांच्या रुग्णालयांत होते आणि तिचा खर्च सरकार करतं, म्हणजे खासगी रुग्णालयाचा नफा बाद. किडनी देणारा आणि घेणारा एकाच देशाचे असावे लागतात. इराणमधल्या अफगाण निर्वासिताची किडनी अफगाणालाच मिळेल, म्हणजे आखाती गिऱ्हाईक बाद. लग्न झालेल्या विकणाऱ्याला जोडीदाराची संमती आणावी लागते. देणाऱ्याला सरकारकडून ठरावीक रक्कम आणि वर्षभराचा आरोग्य विमा मिळतो. त्याखेरीज रुग्णाने द्यायची रक्कम संस्थेत बसून आधी ठरते. रुग्ण गरीब असेल तर ती धर्मादाय संस्था भरते. सरकारी रकमेला नाव आहे ‘हदिये-ए-ईसार’, म्हणजे त्यागाची भेट. ईसार हा शब्द तिथे युद्धात प्राण देणाऱ्यांसाठी वापरतात. किंमत म्हणायचं टाळून तिला पुरस्काराचा पोशाख घातला आहे.

आकडे मोठे आहेत. 2005 च्या अखेरीपर्यंत इराणमध्ये 19,609 किडनी प्रत्यारोपणं झाली. त्यांतली 15,365 नात्याबाहेरच्या जिवंत दात्यांकडून, म्हणजे बहुतांशी मोबदला देऊन. अहद घोद्स हे या कार्यक्रमाचे जुने डॉक्टर आणि त्याचे मुख्य लेखक. 1999 पर्यंत देशातली प्रतीक्षायादी संपली, असं त्यांनी लिहिलं. यावर वाद आहे. यादीत नाव जायला आधी निदान व्हावं लागतं, तज्ज्ञाकडे पोचावं लागतं, आणि खेड्यातले कितीतरी रुग्ण तिथवर पोचतच नाहीत. पण घोद्स यांचा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या पाहणीत किडनी देणाऱ्यांत 84 टक्के गरीब होते हे खरं, पण किडनी मिळालेल्यांतही निम्म्याहून थोडे जास्त गरीबच होते. गरिबाच्या शरीरातून श्रीमंताच्या शरीरात अवयव जातो, ही टीका मुंबई-मद्रासला चपखल बसते. इराणवर ती तशीच्या तशी लावता येत नाही. बाजाराच्या विरोधकांनी हे मान्य करायला हवं. त्यांपैकी बरेच जण करत नाहीत.

आता मूळ वाद. गरिबाला पैसे देऊन किडनी घेणं म्हणजे त्याचं शोषण, की स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेण्याच्या त्याच्या हक्काचा आदर?

स्वातंत्र्याच्या बाजूचा सर्वांत धारदार युक्तिवाद 1998 मध्ये ब्रिटिश तत्त्वचिंतक जॅनेट रॅडक्लिफ रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. कर्जात बुडालेल्या माणसापुढे असलेले सगळे पर्याय वाईट असतात. त्यातला त्याला सर्वांत कमी वाईट वाटलेला पर्याय, म्हणजे किडनी विकणं, आपण बंद करतो. त्याने तो गरीब उरत नाही असं नाही, फक्त त्याच्या हाती आणखी एक मार्ग कमी उरतो. गरिबी त्याला भाग पाडते म्हणून विक्री बंद करा, असं म्हणणारे त्याची गरिबी तर घालवत नाहीत. आणि पैशासाठी जीव धोक्यात घालणं आपण एरवी कुठे थांबवतो? मॅनहोलमध्ये उतरणारा, खाणीत जाणारा, खोल समुद्रात मासेमारीला जाणारा, सगळे पैशासाठीच जातात. आपल्याला किळस येते म्हणून त्याचा रस्ता बंद करायचा, हा त्याचा सन्मान कसा?

याला उत्तर देणं सोपं नाही. ‘शरीर विकायची वस्तू नाही’ एवढ्याने उत्तर होत नाही, कारण ज्याला रोज अंगमेहनत विकावी लागते त्याला हे वाक्य पोकळ वाटतं. माझ्या मते उत्तर मिळतं ते विकणाऱ्याकडे काही वर्षांनी परत गेल्यावर. असं परत जाणारे थोडे आहेत. त्यातलं एक काम चेन्नईचं.

मद्रासच्या व्हिल्लिवाक्कम भागात इतक्या बायकांनी किडन्या विकल्या की लोक त्याला ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले. फेब्रुवारी 2001 मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी चेन्नईतल्या 305 विकणाऱ्यांना भेटून माहिती घेतली. किडनी देऊन सरासरी सहा वर्षं झाली होती. त्यांच्यात सुमारे 71 टक्के बायका होत्या. 96 टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. कबूल केलेली रक्कम सरासरी 1,410 डॉलर, हातात आली 1,070 डॉलर. त्या वेळच्या भावाने साधारण 50 हजार रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 660 डॉलरवरून 420 वर आलं होतं. त्याच काळात तमिळनाडूचं सरासरी उत्पन्न मात्र वाढत होतं. ज्यांनी कर्जासाठी विकली, त्यांच्यापैकी तीन चतुर्थांश लोक सहा वर्षांनीही कर्जातच होते. 86 टक्क्यांनी प्रकृती ढासळल्याचं सांगितलं. दुसऱ्याला हा सल्ला द्याल का, या प्रश्नावर 79 टक्क्यांनी नाही म्हटलं.

इतकं उत्पन्न का घसरावं, असा प्रश्न पडतो. एक किडनी गेली तरी माणूस जगतो. उरलेली मोठी होते, जास्त काम उचलते आणि पूर्वीच्या दोन्ही किडन्यांच्या मिळून सुमारे 70 टक्के काम भरून काढते. पण हे झालं रक्ताच्या रिपोर्टापुरतं. त्या काळी किडनी काढताना कुशीत लांब आडवा छेद घेत, वाट करण्यासाठी पुष्कळदा बाराव्या बरगडीचा तुकडाही काढत. त्या जागचे स्नायू कापले जातात. काहींना तिथे कायमचा ठणका राहतो, कधी कुशीला फुगवटा येतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्या दात्याला याचा फारसा त्रास होत नाही. डोक्यावर घमेलं, कमरेवर घागर, दिवसभर वाकून काम, हेच जिच्या पोटाचं साधन तिच्या कुशीत ही खूण पडली की तिची मजुरी जाते. एकाच शस्त्रक्रियेने दोन माणसांवर वेगवेगळा परिणाम होतो, हे संमतिपत्रात लिहिलेलं नसतं.

बाजाराचे समर्थक इथे रास्त हरकत घेतात. चेन्नईत दलाल होते, 1994 नंतर सगळं बेकायदा होतं, विकणाऱ्याला कुणी वाली नव्हता. वाईट निकाल बंदीचा आहे, विक्रीचा नव्हे. कायदेशीर करा, मग पाहा.

म्हणून करमानशाह महत्त्वाचं. पश्चिम इराणमधल्या या शहरात जावाद झर्गुशी या मूत्ररोगतज्ज्ञाने कायदेशीर बाजारात किडनी दिलेल्या 300 जणांची पाहणी केली आणि 2001 मध्ये छापली. इथे मधे दलाल नव्हते, व्यवहार संस्थेमार्फत होत होता, शस्त्रक्रिया विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली होती. तरी पुन्हा संधी मिळाली तर नक्कीच विकणार नाही असं 85 टक्क्यांनी सांगितलं. 76 टक्के म्हणाले, आमची चूक दुसऱ्याने करू नये म्हणून आम्ही त्याला परावृत्त करू. कायद्याने फसवणूक कमी केली होती. कर्ज, मजुरी आणि कुशीतला ठणका मात्र तसेच राहिले होते.

भिंतीचं कोडं उलगडतं ते इथे. सरकारी भेट होती एक कोटी रियाल. 2006 च्या आसपास तिचे सुमारे अकराशे डॉलर होत. 2012 च्या अखेरीस खुल्या बाजारात रियाल इतका कोसळला की त्याच आकड्याचे तीनशेच्या आसपास डॉलर उरत. किंमत सरकारने ठरवली की ती राजकारणाच्या वेगाने वाढते, आणि महागाई तिच्या वेगाने. ही तफावत रुग्णाने द्यायच्या रकमेतून भरून काढायची, म्हणजे घासाघीस आलीच. संस्थेतली रक्कम कमी वाटली, यादीत नाव मागे राहिलं, किंवा सावकाराची मुदत जवळ आली, की माणूस रस्ता ओलांडतो आणि भिंतीवर आपला रक्तगट लिहितो. ओ गट कुणालाही चालतो, म्हणून त्याला मागणी जास्त. कार्यालयात सगळ्या रक्तगटांचा दर सारखा, भिंतीवर तो सारखा राहात नाही. दलालांना दाराबाहेर काढलेल्या बाजाराच्या दारातच नवा बाजार भरला.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने स्वातंत्र्याच्या युक्तिवादाची खरी परीक्षा तिथे होते. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन नव्वदच्या दशकात मद्रासच्या वस्त्यांत फिरले. जिथे बऱ्याच बायकांनी किडन्या विकल्या होत्या, तिथे सावकारांचं वागणं बदललं होतं, असं त्यांना आढळलं. किडनीचे पैसे होतात हे ठाऊक झाल्यावर सावकार हात सैल सोडून कर्ज देई आणि वसुलीला अधिक कठोर होई, कारण कर्जदाराच्या घरात तारण ठेवण्याजोगी एक वस्तू आहे हे त्याला कळलं होतं. ही वस्तू सातबाऱ्यावर नव्हती, सोन्याच्या डब्यातही नव्हती, पण सावकाराच्या हिशेबात ती आली. आपल्या विदर्भातलं हे चित्र ओळखीचं वाटेल. 2006 च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या एका गावाने निषेध म्हणून किडनी विक्री केंद्राचा फलक लावला होता. फलक उपरोधाचा होता. पण सावकाराला उपरोध कळतो असं नाही.

पुढे तत्त्वचिंतक डेब्रा सॅट्झ यांनी याच निरीक्षणावरून मांडलेला मुद्दा मला पटतो. विकण्याचा पर्याय उपलब्ध झाला की त्याचा परिणाम विकणाऱ्यापुरता राहात नाही. ज्या बाईला किडनी विकायची नाही, तिचीही परिस्थिती बदलते. काल सावकाराला ती ‘नाही आहे हो काही’ म्हणू शकत होती. आज ‘आहे, पण देणार नाही’ असं म्हणावं लागतं. रॅडक्लिफ रिचर्ड्स यांचा युक्तिवाद एका माणसाकडे पाहतो. त्याच्यापुढे पर्याय किती, आणि आपण त्यातला एक काढून घेतला का. त्या माणसाच्या शेजाऱ्यांपुढचे पर्याय त्यात मोजलेले नाहीत.

बाजारातल्या अशा दोषांवर तोडगा म्हणून 2003 मध्ये चार्ल्स एरिन आणि जॉन हॅरिस यांनी एकाच खरेदीदाराची कल्पना सुचवली. किडनी फक्त सरकारी आरोग्यसेवा विकत घेईल, पैसे तीच देईल आणि वाटप गरजेनुसार होईल. रुग्ण आणि विकणारा कधी समोरासमोर येणार नाहीत. इराणपेक्षा ही रचना स्वच्छ आहे, आणि आजवर कुणी ती उभी केलेली नाही. ती करायची तर किंमत महागाईशी बांधावी लागेल. विकणाऱ्याची क्रिएटिनिन आणि रक्तदाबाची तपासणी दरवर्षी, जन्मभर करावी लागेल. हा खर्च किरकोळ नाही आणि टाळण्याजोगाही नाही. अमेरिकेतल्या अभ्यासानुसार निरोगी दात्यांमध्ये पुढे आयुष्यात किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका दहा हजारांत 90, तेवढ्याच निरोगी न-दात्यांमध्ये 14. आकडा लहान आहे, पण तो नीट निवडलेल्या आणि वैद्यकीय सोय हाताशी असलेल्या दात्यांचा. वर्षभराचा विमा संपल्यावर करमानशाहच्या मजुराकडे कुणी बीपीचं यंत्र घेऊन जात नव्हतं.

बंदीच्या बाजूने मी झुकतो आहे हे वाचकाला कळलं असेल. तरी बंदीने सगळं स्वच्छ होतं असं समजू नये. इराणच्या आकड्यांत एक मुद्दा राहून गेला. 2005 पर्यंतच्या 19,609 मध्ये नात्यातले जिवंत दाते फक्त 3,421. पैसे देऊन किडनी मिळू लागल्यावर भाऊ-बहीण मागे सरले. बाजाराच्या विरोधकांना यात माया आटलेली दिसते. घोद्स यांना नेमकं उलटं दिसतं. नातेवाइकावर आता कुणी दबाव आणू शकत नाही, हा ते या व्यवस्थेचा गुण मानतात.

हे वाक्य भारतात वाचताना मी थबकतो. आपल्याकडे पैशाचा व्यवहार गुन्हा आहे, त्यामुळे जिवंत दाता म्हणजे मुख्यतः घरचा माणूस. आणि त्या घरच्या माणसांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते. किडनी मिळणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. घरात एकदा तपासणीचा रिपोर्ट जुळला की ‘मी देणार नाही’ हे शब्द बाईने कुणापुढे उच्चारायचे, याची सोय कागदोपत्री आहे. डॉक्टर तिला एकटीला आत बोलावून विचारू शकतात, वैद्यकीय कारण पुढे करून तिला वाचवूही शकतात, आणि काही चांगले डॉक्टर ते करतातही. पण मुलाखत संपली की ती त्याच रिक्षेने, त्याच घरी परत जाते.